‘तू बाटल्या सांभाळ’ : पुण्यातल्या पीटी सरांना आणि मॅडमना एक खुलं पत्र

पुण्यातल्या शाळांमधल्या सगळ्या पीटी सरांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी विशेष शिक्षिका आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर पुण्यात चौदा वर्षं काम करतेय, आधी विशेष शाळेत आणि आता साध्या शाळांमध्ये, जिथे वर्गात अशी एकदोन मुलं असतात तिथे आठवड्यातले काही दिवस जाते. बहुतेक ग्राउंडवर मला एकच चित्र दिसतं. चाळीस मुलं खेळतायत आणि एक मुलगा कट्ट्यावर बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतोय. कधी त्याला स्कोअर लिहायला बसवतात, खरं तर त्याला शंभरपर्यंत आकडे येत नसतात. यात कोणाचा वाईट हेतू नसतो हे मी बघितलंय. सरांनी एकदा समजावून सांगितलेलं असतं, त्याला कळलं नाही, खेळ थांबला, बाकीची मुलं चिडली आणि मग बाटल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १६ मध्ये अगदी पहिल्याच मुद्द्यात लिहिलंय की शाळेने शिक्षणाबरोबर खेळाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची, पण कायदा दाखवायला हे पत्र लिहीत नाहीये. तो मुलगा खेळात आणायचा कसा, ते मला माझ्या चुकांसकट सांगायचंय.

मी फक्त खो-खोबद्दल लिहिणार आहे. एक म्हणजे तो आपल्याकडे प्रत्येक शाळेत खेळतात, त्याचे नियम लिहून काढायचं काम १९१४ साली आपल्याच डेक्कन जिमखान्यावर सुरू झालं. आणि दुसरं म्हणजे हा खेळ आमच्या मुलांसाठी एकाच वेळी खूप सोपा आणि खूप अवघड आहे. सोपा अशासाठी की कधी उठायचं हे ठरवावं लागत नाही, पाठीवर हात पडतो आणि कानात ‘खो’ येतो, म्हणजे खूण खेळातच आहे. अवघड का, ते पुढे येईलच.

आपण हा खेळ शिकवतो कसा ते आधी आठवून बघा. मुलांना गोल बसवतो आणि म्हणतो, ‘खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, तोंड ज्या बाजूला आहे त्याच बाजूने बाहेर पडायचं, एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, आणि खो मागूनच द्यायचा, समजलं?’ हे पाच नियम झाले आणि त्यातले तीन ‘नाही’चे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं, आणि मावलेलं तो हलवून वापरेपर्यंत निसटतं. त्याच्याकडे शेवटचे दोन शब्द उरतात, ‘मागूनच द्यायचा’. काय द्यायचं, कोणाला, कधी, काहीच नाही. शिवाय ‘मागे फिरायचं नाही’ हे ऐकल्यावर काय करायचं हे त्या वाक्यात नाहीच, ते आपण गृहीत धरलेलं असतं. आणि ‘समजलं?’ विचारलं की ही मुलं हो म्हणतात, नेहमी हो म्हणतात, कारण हो म्हटलं की मोठी माणसं खूश होतात हे त्यांनी लहानपणापासून शिकलेलं असतं. म्हणून मी आता समजलं का हा प्रश्नच विचारत नाही, मी म्हणते ‘दाखव’. दाखवता आलं तर समजलं.

आता एका मुलाबद्दल सांगते. खरं नाव लिहीत नाही, इथे त्याला दादू म्हणते. वय तेरा, सातवीत, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, पळायला आवडतं, मोठा आवाज आवडत नाही. शाळेत आठवड्यातून दोन पीटीचे पिरियड, पस्तीस मिनिटांचे. पीटी सर तयार झाले की प्रत्येक पिरियडची पहिली बारा मिनिटं आम्हाला, नंतर नेहमीचा खेळ. मी त्यांची खूप आभारी आहे, कारण चाळीस मुलांचा वर्ग सांभाळून बारा मिनिटं देणं सोपं नाही.

माझी पहिली चूक फळ्यावर झाली. मी मैदानाचं चित्र काढलं, चौकोन, खांब, बाण, सगळं रंगीत. दादूने चित्र आवडीने बघितलं, बोट फिरवलं, आणि ग्राउंडवर गेल्यावर त्याचा आणि त्या चित्राचा काही संबंध उरला नाही. वरून बघितलेलं चित्र आणि आपण स्वतः आत उभे असलेलं मैदान ही एकच गोष्ट आहे हे समजायला एक पायरी लागते, आणि तीच या मुलांना अवघड जाते. दोन पिरियड गेले.

मग करून दाखवायला लागलो आणि त्यातही चुकलो, सर आणि मी दोघंही. सर स्वतः करून दाखवत होते आणि दाखवताना बोलत होते, ‘हे बघ दादू, आता मी उठलो, आता इकडे वळलो’. दादू सरांच्या तोंडाकडे बघत होता. माणूस बोलायला लागला की मूल चेहऱ्याकडे बघतं, पायांकडे नाही. आणि सर त्याच्यासमोर तोंड करून उभे होते, म्हणजे सरांचं डावं ते त्याचं उजवं, ते मनात उलटं करून घ्यायचं काम आपण त्याच्यावर टाकलं होतं. सरांच्या तोंडात शिट्टी होती आणि दादूने पहिला प्रयत्न केला तो दोन बोटं तोंडात धरून! त्याने बरोबरच केलं होतं, सरांनी जे केलं तेच. यातलं काय महत्त्वाचं आणि काय नाही हे त्याला कोण सांगणार होतं.

सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच. सरांनी फाउल म्हणजे काय हे दाखवायला मुद्दाम चुकीचं पळून दाखवलं, मधेच उलटं फिरले, हातवारे केले, अख्खा वर्ग हसला. पुढचे तीन आठवडे दादू प्रत्येक वेळी मधेच उलटा फिरून हातवारे करायचा आणि हसण्याची वाट बघायचा. त्याला दाखवलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये तीच सगळ्यात ठळक होती ना. तेव्हापासून माझा नियम आहे, चुकीचं कधीही करून दाखवायचं नाही. बाकीच्या मुलांना चालतं, त्यांना ‘असं नाही’ यातला ‘नाही’ ऐकू येतो. यांना कृती दिसते.

आता जे जमलं ते सांगते. डेमो द्यायला आम्ही वर्गातली एक मुलगी घेतली, दादूच्याच उंचीची. सर उंच, त्यांची पावलं लांब, त्यांचं पळणं त्याला स्वतःचं वाटत नाही. दादूला तिच्या मागे, तिच्याच दिशेने तोंड करून बसवलं, म्हणजे उलटसुलट करायची गरज नाही. आणि सगळे गप्प. सर गप्प, मी गप्प, वर्ग गप्प (वर्गाला गप्प ठेवणं हे सगळ्यात कठीण काम होतं हे प्रामाणिकपणे सांगते). तिच्या पाठीवर हात पडला, ती उठली, समोर पाऊल टाकलं, खांबाकडे पळाली. तीनदा, अगदी सारखं, सारख्याच वेगात. मग एक शब्द, ‘दादू’, आणि त्याच्या पाठीवर हात. आणि वाट बघायची. मनात पाच आकडे मोजायचे आणि तोपर्यंत काही बोलायचं नाही. ही वाट बघणं आपल्याला फार जड जातं, दुसऱ्या सेकंदाला आपण ‘ऊठ ऊठ’ म्हणतो आणि त्याच्या डोक्यात चाललेली जुळवाजुळव मोडून टाकतो. पहिल्या दिवशी सहापैकी दोनदा तो चौथ्या आकड्याला स्वतःहून उठला, आणि मी ‘ऊठ’ म्हटलं असतं तर ते मला कधी कळलंच नसतं.

पाच आकडे झाले आणि काही नाही झालं तर आधी बोटाने खूण, तरी नाही तर शब्द, तरी नाही तर कोपराला हलका हात लावून उठवायचं. पुढच्या वेळी त्यातलं एक कमी. मी एका कागदावर लिहायचे, स्वतः केलं तर बरोबरची खूण, बोटाची मदत लागली तर ‘ख’, शब्दाची तर ‘श’, हाताची तर ‘ह’. रोज सहा प्रयत्न, सहा खुणा, यापेक्षा जास्त काही नाही. लागोपाठ दोन पिरियडमध्ये सहापैकी पाच वेळा स्वतः केलं तरच पुढची पायरी. हा कागद का लागतो तर आपल्याला वाटतं की येतंय, पण कागदावर ‘श श श’ दिसतं तेव्हा कळतं की तो खो ऐकून उठत नाहीये, माझा आवाज ऐकून उठतोय. मग मी मैदानावर नसले की तो बसूनच राहणार.

शब्दांचं एक सांगायचं राहिलं. सर म्हणायचे ‘पळ’, मुलं ओरडायची ‘भाग भाग’, कोणीतरी ‘रन रन’, आणि घरी आई म्हणते ‘धाव’. एकाच गोष्टीला चार शब्द. तुम्हाआम्हाला ते एकच वाटतात, दादूला ते चार वेगळे आवाज. आम्ही पाच शब्द ठरवले, बस, ऊठ, पळ, खो आणि थांब, ते वर्गाच्या दारावर लावले, आईलाही कळवले, आणि वर्गाला सांगितलं की दादूशी ग्राउंडवर यापलीकडे बोलायचं नाही. मुलांनी ते आपल्यापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळलं.

‘खो’ मध्येही एक अडचण होती. ग्राउंडवर शेजारी दुसरा वर्ग खेळत असला की सगळीकडून ‘खो’ ऐकू यायचं आणि दादू प्रत्येक खो ला उठायचा. त्याला रागवून काय उपयोग, आपणच शिकवलं होतं खो ऐकलं की ऊठ. म्हणून पहिले दोन आठवडे मी आवाज काढूनच टाकला, फक्त पाठीवर हात. हात नीट टेकवायचा, पूर्ण तळवा, ढकलायचं नाही आणि गुदगुल्या होतील असं बोटही लावायचं नाही, कारण मागून अचानक हात लागला की तो सुरुवातीला दचकायचा. हात म्हणजे ऊठ हे पक्कं झाल्यावर हाताबरोबर हळू आवाजात खो, मग मोठा खो. आता शेजारून कोणी ओरडलं तरी तो बसून राहतो.

मैदानही लहान केलं. पूर्ण खो-खोत आठ जण बसतात, आलटून पालटून उलट दिशांना तोंड करून, नववा पळतो. आम्ही चार चौकोनांवर सुरुवात केली. दादूची जागा ठरलेली, खांबापासून दुसरा चौकोन, तोंड वडाच्या झाडाकडे. उठला की वडाकडे एक पाऊल आणि मग निळं कापड गुंडाळलेल्या खांबाकडे, नेहमी त्याच खांबाकडे. म्हणजे डावं की उजवं हा निर्णय काढून टाकला. पिरियडची सुरुवातही रोज तीच, तीन टाळ्या, रांग, आपापल्या चौकोनात बसणं, डेमो, सहा प्रयत्न, आणि शेवटी सगळ्यांनी उभं राहून तीन टाळ्या. पाच आठवड्यांत दादू उठणं, बाहेर पडणं, खांबाकडे पळणं, पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून खो म्हणणं हे सगळं स्वतः करायला लागला. सर म्हणाले, मॅडम जमलं की. मलाही तसंच वाटलं.

आणि मग ते अडलं. खो-खोत खो दिला की तुम्ही बसता कुठे? जो उठला त्याच्या रिकाम्या चौकोनात. दादू खो द्यायचा आणि पळत परत स्वतःच्या चौकोनात येऊन बसायचा. तिथे आता दुसरं कोणीतरी बसलेलं असायचं. दादू त्याला ढकलायचा, तो चिडायचा, एकदा रडारड झाली. मुलं म्हणाली, मॅडम, त्याला नियम कळतच नाही.

पण मी घरी येऊन कागद बघत बसले आणि लक्षात आलं की नियम त्याला अगदी बरोबर कळला होता, मी चुकीचा नियम शिकवला होता! पाच आठवडे प्रत्येक पिरियडला, न चुकता, मी त्याला शिकवलं होतं की वडाकडे तोंड असलेला दुसरा चौकोन हा तुझा आहे. आमच्या चार चौकोनांच्या सरावात त्याने खो दिला की मी प्रयत्न थांबवून सगळ्यांना परत जागेवर पाठवत होते, म्हणजे खो नंतर आपल्या जागेवर परत जायचं हेसुद्धा मीच शिकवलं होतं. रूटीन हे फार ताकदीचं हत्यार आहे आणि म्हणूनच त्यात काय घालताय हे आधी ठरवावं लागतं. ते जागेला चिकटवलं तर मूल जागा शिकतं, माणसाला चिकटवलं तर माणूस शिकतं. ते चिकटवायचं खेळातल्या खुणेला. हात पडला की ऊठ, रिकामा चौकोन दिसला की बस. या दोन खुणा मैदान बदललं, शाळा बदलली, मी नसले तरी तशाच राहतात.

म्हणून परत दुरुस्ती. शिकलेलं पुसायला जास्त वेळ लागतो, त्याला मला साडेतीन आठवडे लागले. पहिलं, शेवटापासून शिकवलं. पळणं नाही, उठणं नाही, फक्त शेवटचा तुकडा. दादू त्याच्या मित्राच्या मागे उभा, पाठीवर हात, खो, मित्र उठून गेला, समोर रिकामा चौकोन, बस. एवढंच, सहा वेळा. प्रत्येक वेळी वेगळ्या चौकोनावर, हे महत्त्वाचं, कारण यावेळी मला जागा शिकवायचीच नव्हती. ते पक्कं झाल्यावर त्याच्या मागे एक तुकडा जोडला, चार पावलं पळून ये, खो, बस. मग खांबापासून. मग पूर्ण. उलटीकडून जोडत गेलं की प्रत्येक प्रयत्नाचा शेवट त्याला आधीच येत असतो, तो येत नसलेल्या भागाकडून येत असलेल्या भागाकडे जातो आणि मधे अडकून बसत नाही.

दुसरं, चौकोनात फक्कीने दोन पावलं काढली, बोटं ज्या दिशेला तोंड करायचं त्या दिशेला. ‘उठलेला जिकडे बघत होता तिकडेच तुझं तोंड’ हे वाक्य मी एकदाही वापरलं नाही, पावलांवर पावलं ठेवून खाली बसलं की तोंड आपोआप बरोबर येतं. फक्कीची पावलं दर पिरियडला थोडी पुसट होत गेली, काही मी मुद्दाम परत काढली नाहीत, आणि शेवटी फक्त चौकोन उरले. तेव्हाही अधूनमधून तोंड चुकायचं, मग शेजारचा मुलगा नुसता दिशेकडे बोट करायचा.

तिसरं, दोन चौकोन वाढवायचे, मग आणखी दोन, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चौकोन वाढवले तर त्याच दिवशी खांब बदलायचा नाही, पळणारे आणायचे नाहीत. पळणारे आले तेव्हा सुरुवातीला एकच, तोही चालत.

या दरम्यान पाऊस आला आणि ग्राउंड चिखल, पिरियड हॉलमध्ये. वड नाही, निळा खांब नाही, फक्कीच्या रेघा नाहीत. मला वाटलं सगळं गेलं. पण आम्ही जुन्या सतरंजीचे आठ चौकोनी तुकडे कापले होते ते हॉलमध्ये मांडले, दोन टोकांना दोन खुर्च्या, आणि दादू पहिल्या प्रयत्नाला चुकला, दुसऱ्याला रिकाम्या तुकड्यावर जाऊन बसला. पहिल्या पाच आठवड्यांतलं शिकवणं हॉलमध्ये आलं असतं तर एका मिनिटात कोसळलं असतं, कारण तिथे वडच नव्हता. म्हणून माझी विनंती आहे की एक पायरी पक्की झाली की ती दुसऱ्या जागी, दुसऱ्या मुलांबरोबर, तुमच्याऐवजी दुसऱ्या सरांनी घेऊन बघा. तिथे आली तरच ती आली.

आता नियमांबद्दल, कारण यावर सर लोकांशी माझा सगळ्यात जास्त वाद होतो. दादूला आम्ही एक सूट दिली, त्याने दिशा बदलली तर फाउल नाही. पळणारा मागे निसटला की तो उलटा फिरतो, त्याला त्या क्षणी स्वतःला थांबवता येत नाही, आणि शिट्टी वाजली की तो खेळच सोडून देतो. एक सर मला म्हणाले, मॅडम मग तो खो-खो राहिला कुठे. सर, २०२२ मध्ये आपल्याच बालेवाडीच्या क्रीडासंकुलात अल्टिमेट खो-खो लीग झाली, त्यात ‘वझीर’ नावाचा खेळाडू होता आणि त्याला कोणत्याही दिशेला पळायची मुभा होती. प्रोफेशनल खेळात एका खेळाडूला ती मुभा देता येते तर सातवी ब मधल्या एका मुलाला का नाही? आम्ही दादूला वझीरच केलं, त्याला वेगळ्या रंगाची जर्सी दिली, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या टीमनेही लगेच मागणी केली की आम्हालाही वझीर पाहिजे. दिला. तेव्हापासून कोणी दादूला सूट मिळते असं म्हणालं नाही.

पण सगळ्याच नियमांत सूट देऊ नका. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही आणि रिकाम्या चौकोनातच बसायचं, हे दोन मी कधी सोडले नाहीत. ते सोडले तर बाकीच्यांना खेळता येत नाही आणि मग तो टीममध्ये नसतोच, नुसता मैदानात असतो. कोणता नियम सोडायचा हे ठरवताना मी एवढंच बघते की तो मोडल्यावर खेळ थांबतो का. दिशेचा नियम मोडला तर खेळ चालू राहतो, जागेचा मोडला तर थांबतो. आणि शाळाशाळांच्या स्पर्धेत ही सूट चालणार नाही हेही उघड आहे, मी वर्गाच्या पिरियडबद्दलच बोलतेय.

जे जमलं नाही ते पण सांगते. पळणाऱ्यांच्या बाजूने दादूला अजून नीट खेळता येत नाही. बसणाऱ्याचं काम खुणेवर चालतं, खूण आली की ठरलेली कृती. पळणाऱ्याला दर क्षणी ठरवावं लागतं, समोरचा कुठे जाईल, खो कोणाला मिळेल, हुलकावणी आहे की खरं. हे करून दाखवता येत नाही कारण प्रत्येक वेळी वेगळं असतं, आणि रूटीनमध्ये बसत नाही. आम्ही त्याला एकच गोष्ट दिली, खांबाभोवती फिरत राहा, आणि तुकडीतली एक मुलगी त्याच्या जवळ राहते. साधारण अर्ध्या मिनिटात तो बाद होतो. बाद म्हणजे काय हे शिकवायलाही वेळ लागला, कारण बाद हा शब्द त्याला दिसत नव्हता. आता बाद झाला की कडेच्या सतरंजीवर जाऊन बसायचं आणि पुढचा पिरियड असो की मॅच, ती सतरंजी तिथेच असते. पहिल्यांदा त्याला वाटलं शिक्षा आहे. मग आम्ही वर्गातल्या सगळ्यात चपळ मुलाला बाद झाल्यावर तिथे हसत जाऊन बसून दाखवायला सांगितलं, चार-पाच वेळा, गप्पपणे, आणि ते मिटलं.

एक सावधगिरी, ही कृपा करून विसरू नका. तुमच्या वर्गात डाउन सिंड्रोम असलेलं मूल असेल तर सूर मारणं, खांबावरचा डाइव्ह आणि मागून जोरात ढकलल्यासारखा खो हे त्याच्यासाठी पूर्ण बंद. यातल्या काही मुलांचे मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल असतात आणि मानेला झटका बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. खेळ सुरू करायच्या आधी पालकांना डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगा, मान आणि हृदय दोन्ही. आणि मान दुखणं, मान एका बाजूला धरणं, चालणं अचानक बदलणं, आधी होत नसताना कपड्यात लघवी होणं असं काही दिसलं तर खेळ त्याच दिवशी थांबवून डॉक्टर.

दादू सध्या आठवीत आहे. मागच्या महिन्यात वर्गांच्या आपसातल्या मॅचला तो बसला होता, आठ चौकोन, तीन पळणारे, वझीरची जर्सी. लाउडस्पीकर चालू होता म्हणून मला भीती होती, त्यामुळे आदल्या दोन पिरियडला आम्ही मुद्दाम मोबाईलवर गाणी लावून, हळू पासून मोठ्या आवाजापर्यंत, सराव केला होता. मॅचमध्ये त्याला सात वेळा खो मिळाला, सहा वेळा तो बरोबर रिकाम्या जागी बसला, एकदा तोंड उलटं करून बसला आणि शेजारच्याने बोट दाखवल्यावर फिरला. त्याने कोणाला बाद केलं नाही. मी कडेला उभी होते आणि माझ्या कागदावर लिहायला काही ‘ख’ नव्हतं, कारण ते एकमेव बोट माझं नव्हतं.

तर सर, मॅडम, माझं मागणं असं आहे. जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा पहिल्या आठवड्यात तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला बाटल्यांवरून उठवा. चार चौकोन आखा. त्याच्या उंचीचं एक मूल डेमोसाठी निवडा, त्या मुलाच्या मागे याला बसवा, डेमो तीन वेळा होऊ द्या आणि तुम्ही काही बोलू नका. मग त्याचं नाव घ्या, पाठीवर हात ठेवा आणि पाचपर्यंत मोजा. कागदावर सहा खुणा लिहा आणि तो कागद घेऊन तुमच्या भागातल्या विशेष शिक्षकांशी बोला, बहुतेक वेळा आम्हाला ग्राउंडवर कोणी बोलावतच नाही. बोलवा. आणि एक आधीच सांगून ठेवते, त्याने पहिल्या दिवशी खो देऊन स्वतःच्या जागेवर पळत यायला सुरुवात केली तर त्याला रागवू नका, तुम्ही त्याला परत कुठे पाठवत होतात ते आधी बघा.

आपली,
एक विशेष शिक्षिका, पुणे